ध की घ

गल्लीत सगळे त्याला पेंटरच म्हणत. ब्रश हातातून सुटून बरीच वर्षं झाली होती. आता तो दुकानांच्या उजळणाऱ्या पाट्या करायचा: पत्र्याची पेटी, आत दिव्यांच्या पट्ट्या, पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर चिकटवलेलं गडद रंगाचं प्लॅस्टिकचं व्हिनाईल, ज्यातून अक्षरं कापून काढलेली असत. अक्षरातून उजेड येई आणि बाकीचा भाग काळोखात राही. संगणकावर अक्षरं मांडायचं काम बायकोचं, कापणं आणि जोडणं त्याचं. आणि शेवटची नजर मात्र फक्त त्याची. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तो सांगायचा, “उजेड उतरव,” किंवा “राहू दे.” त्याने राहू दे म्हटलं की पाटी झाली.

नजर म्हणजे एकच डोळा. डावा तरुणपणीच गेला होता, अ‍ॅक्रिलिक कापताना उडालेल्या कपचीने. त्याचं त्याने कधी दुःख केलं नाही. “पाटी वाचायला एक पुरतो,” असं तो हसत सांगायचा.

त्या वर्षी त्या एका डोळ्यात काहीतरी शिरलं. दिवसा ठीक होतं, पण दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती पिसारा फुलायचा. उजळलेली अक्षरं सुजल्यासारखी दिसायची, एकमेकांच्या अंगावर जायची. डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया साधीच असते म्हणाला, पण मागचा पडदाही तितकासा चांगला वाटत नाही, असं पुढे जोडलं. पेंटर तिथून उठून आला तो कुणालाही काही न सांगता. दुसरा डोळा असता तर धोका पत्करला असता. हा गेला तर काय उरणार होतं? बायकोला त्याने चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पाटी सांगितली. एकच शब्द, ‘औषधालय’, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान. औषधवाला शांत माणूस, पेंटरचं जुनं गिऱ्हाईक. पेटी चढवली, संध्याकाळी दिवे लावले आणि पेंटर रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

त्याला पांढरा गोळा दिसला. ‘ष’च्या पोटातली फट नव्हती, ‘ध’चा वरचा उघडा भाग बुजलेला होता. त्याने बायकोला हाक मारून उजेड उतरवायला सांगितला. तिने उजेड कमीजास्त करायची खुंटी फिरवली. अजून, तो म्हणाला. अजून. अक्षरं त्याला सुटी दिसेपर्यंत पाटी मलूल झाली होती. बायकोने विचारलं, एवढी मंद कशी चालेल? त्याला राग आला. आजवर त्याने तिला कधी असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. “मी बघतोय ना,” तो म्हणाला. फोनवर फोटो काढून त्याने आत गिऱ्हाइकांत अडकलेल्या औषधवाल्याला दाखवला. फोटोत पाटी झळझळीत दिसत होती, कारण फोन अंधारात आपलाच उजेड वाढवून घेतो. पेंटरला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याने दाखवला.

काही दिवसांनी औषधवाला पेंटरच्या कारखान्यात आला. बसला नाही. समोरच्या मोबाईलच्या दुकानाने नवे प्रखर दिवे लावले होते, त्यांच्यापुढे आपली पाटी विझल्यासारखीच दिसते, असं त्याने सांगितलं. मग थांबून म्हणाला की एक बाप मुलीसाठी श्वासाचा पंप शोधत फिरत होता. दुकान बंद आहे असं समजून दारावरून दोनदा पुढे गेला. मुलीला शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं.

“आहे ना ती?” पेंटरने विचारलं.

“आहे. घरी आली. पण पाटी तुम्ही स्वतः बघितली होती, म्हणून विचारायला आलो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि पेंटरला तेच सोसेना. औषधवाला गेल्यावर तो कापणीच्या टेबलाला धरून उभा राहिला. बायको संगणकापाशी होती.

“मला दिसत नाही गं,” तो म्हणाला. “दिवे लागले की मला काहीच धड दिसत नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं: डॉक्टर, पडदा, भीती. गेल्या कित्येक महिन्यांतल्या पाट्या त्याने अंदाजाने उतरवल्या होत्या. कुठल्या कुठल्या दुकानांसमोर लोक थबकले असतील, कोण कोण पुढे गेले असतील, याचा हिशोब त्याला लागेना. तो रडला, आणि न दिसणारे डोळेही रडू शकतात या विचाराने त्याला आणखी भडभडून आलं. तिने दार लावून घेतलं. “मला आधी सांगायचं ना हो,” एवढंच ती म्हणाली, पण त्या एका वाक्यात तिचा सगळा संताप होता.

संध्याकाळी दोघं औषधालयासमोर गेले. या वेळी खुंटीपाशी तो बसला आणि रस्त्यापलीकडे ती. पाटी पूर्ण उजळल्यावर त्याने फोनवरून विचारलं, “काय दिसतंय?”

“छान दिसतंय.”

“छान नको सांगूस. ध दिसतो की घ?”

तिने पुन्हा पाटीकडे बघितलं. मग ती हळूच म्हणाली, “घ.”

तो दचकला. म्हणजे सगळाच दोष त्याच्या डोळ्याचा नव्हता. अक्षरं जाड कापली होती आणि उजेडाने ती आणखी फुगत होती. तिच्या निरोगी डोळ्यालाही ‘ध’ची फट बुजलेली दिसत होती. पण त्यावर उपाय म्हणून त्याने पाटीच विझवत आणली होती.

त्याने तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मोबाईलच्या दुकानाकडे पाठ करून थांब, डोळे निवू दे. मग मान वळव आणि पहिल्या नजरेत काय वाचलंस ते सांग, टक लावून वाचलेलं धरू नकोस. लोक चालताना बघतात, म्हणून तूही चाल. तिरकं बघ. दूर जा, जवळ ये. जवळ आल्यावर डोळे मिटावेसे वाटले तर उजेड जास्त आहे. ती भर रस्त्यात पुढेमागे चालत राहिली, लोक बघू लागले. ती दमली, दोनदा चिडली, आणि एकदा म्हणाली की मला नाही जमणार हे. तो खुंटीवर बोट ठेवून बसून राहिला. दुसरं काय करणार होता?

उजेड मध्यावर आणला तेव्हा पाटी उठून दिसली, पण ‘ष’ भरलेलाच राहिला. त्यावर उजेडाचा इलाज नव्हता. त्यांनी व्हिनाईल काढलं. नवीन अक्षरं तिने बारीक रेघेची मांडली, मधल्या फटी मोठ्या केल्या, अंतर वाढवलं. ती चढवून दिवे लावले तेव्हा रस्त्यापलीकडून तिने सगळा शब्द वाचला, चालता चालता, न थांबता. तो बाहेर आला आणि त्याने वर बघितलं. त्याला पांढरा ढगच दिसला, पण या वेळी त्या ढगात दोन-तीन काळ्या भेगा होत्या. औषधवाल्याच्या वयस्कर, मोतीबिंदू असलेल्या गिऱ्हाइकांना एवढं पुरेल का, हे त्याला कळेना. त्याने औषधवाल्याला दिवे आणखी किंचित उतरवायला सांगितले. भेगा जराशा रुंदावल्या, तिने पुन्हा लांबून बघितलं आणि हो म्हटलं.

शस्त्रक्रिया त्याने शेवटी करून घेतली. ढग गेला, पण मागच्या पडद्याने साथ दिली नाही. दिवसा त्याला माणसं ओळखू येतात, पाट्यांच्या कडा घासता येतात. संध्याकाळनंतरचं जग मात्र त्याच्यासाठी संपलं. त्या दिवसांत जेवायला बोलावलं तरी तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. बायको त्याची समजूत घालत नसे. ताट ठेवून ती त्या दिवशीची नवी पाटी तपासायला निघून जाई.

अलीकडे ती परतली की तो दारातच उभा असतो. ती चप्पल काढता काढता सांगते, “व आणि ब एक झालेत.” तो क्षणभर विचार करतो, आणि ‘ब’च्या पोटातली रेघ किती बारीक करायची ते हवेत बोटाने काढून दाखवतो.