भिंत

पत्नीच्या तेराव्यानंतर मी ऑफिसात गेलो. ती गेली त्याच दिवशी माझ्या जागी ऑफिसातल्या नव्या मुलीने एका जिनिंग मिलच्या मालकाला कापसाचा ओलावा मोजणारं यंत्र दाखवलं होतं.

“मशीन बंद पडली तं दुरुस्तीले कोण येईन? काऊन बोलत नाही, ताई?” मालकाने तेव्हा विचारलं होतं. आणि तो उठून गेला होता.

ऑफिसात सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, “तुझ्यापेक्षा भिंत बरी बोलली असती.”

“सर, ते तुम्हालाच ठाऊक होतं. तुम्ही स्मशानात होता. फोन कसा करू?”

मी तिला बाजूला नेलं. “यंत्र तू नीट समजावलंस, मालकही फोनवर तसं म्हणाला. फक्त दुरुस्तीचं पहिल्याच स्लाइडवर घे. सोमवारी बोथ गावच्या जिनिंगमध्ये तूच बोल.”

“भिंतीला न्या, सर.”

बोथला मी एकटाच गेलो.