दत्तारामचा स्लॅब

अलोऱ्याचा दत्ताराम गवंडी. बत्तीस वर्षं थापी धरली, आणि त्याचा एकही स्लॅब गळला नव्हता. हीच त्याची कमाई, आणि हाच त्याचा तोराही.

एप्रिलअखेरीस त्याने जाईबाईच्या घराचा स्लॅब घातला. तिचा मुलगा अमरदीप मुंबईला नोकरीला. गळतीचं औषध त्यानेच पाठवलं होतं. दत्तारामने ते मापाने, पोत्यामागे दोनशे मिली, कालवायच्या पाण्यातूनच घातलं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरलं आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "औषध घातलंय, काकी. आता थेंब उतरायचा नाही. चौदा दिवस वाफे भरलेले ठेवा." का, ते सांगितलं नाही. आणि सावर्ड्याच्या कामाला निघून गेला.

सहाव्या दिवशी येऊन बघतो तर वाफे फोडलेले, आणि कोरड्या तापत्या स्लॅबवर आमसुलं वाळत घातलेली.

"काकी! पाणी कुठाय?"

"सोडलं. आत औषध हाय ना? मग वरनं आणि कशाला? ऊन कसं फुकट घालवू?"

त्याने वाफे पुन्हा बांधले. पण केसाएवढ्या भेगा आधीच पडल्या होत्या.

जुलैत माजघरात पाणी टपकलं. अमरदीपचा फोन आला. "दत्तारामदादा, औषध घातलंत की गटारात ओतलंत?"

"घातलं रे बाबा. त्यानं सिमेंटातली बारीक छिद्रं बुजतात. भेग नाही बुजत. स्लॅब कोवळेपणी सुकला की तडकतो."

"मग खालून दुप्पट औषधाचं प्लास्टर मारा."

"दुप्पट घातलं तर प्लास्टरच कच्चं राहील. आणि पाणी येतंय वरून. पाऊस सरला की वरच्या भेगा खोदून भरतो, वर लेप देतो. मजुरी नको मला."

"म्हणजे चूक तुमचीच?"

काकीवर ढकलणं सोपं होतं. पण थेंब उतरायचा नाही, ही बढाई कोणी मारली होती? औषध म्हटलं की माणसाला वाटतं, दुखणं गेलं, पथ्य संपलं.

"निम्मी माझी," तो म्हणाला. "पाणी का ठेवायचं ते मी सांगितलं नाही."

"बघतो," म्हणून अमरदीपने फोन ठेवला.

गणपतीनंतर दत्ताराम छिन्नी-हातोडा पिशवीत घालून निघाला. दुरूनच त्याला लोखंडी खांब दिसले. स्लॅबवर पत्र्याची शेड चढत होती.

"भेगा तशाच झाकताय?" त्याने खालून विचारलं.

"झाकतंय कोण? पाणीच नको वर," जाईबाई म्हणाली. "तू चहा घे."

चहा पिऊन दत्ताराम पिशवी न उघडताच परत निघाला. निळा पत्रा पार रस्त्यावरून दिसत होता. एसटीतून उतरणारा जो तो मान वर करी. पत्र्याखालचा गळका स्लॅब कुणी घातला, हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं.