बेचाळिसाव्या सेकंदावरची कॉमेंट

अण्णा, साडीच्या दुकानाचे मालक अप्पा, त्यांच्या थोरल्या मुलाने मला फसवलं. त्याच्या दुकानाची जाहिरात माझ्या केशवापूरच्या स्टुडिओत तयार होत होती. फोनवर सांगायचं आणि मागाहून नाकारायचं, हे नको म्हणून मी त्याला आणि माझ्या एडिटरला एकच लिंक दिली. व्हिडिओ थांबवाल त्याच सेकंदावर कॉमेंट पडते, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर व्हर्जनचा नवा नंबर. तिसऱ्या व्हर्जनवर, बेचाळिसाव्या सेकंदाला, त्याने लिहिलं, "अप्पांचा शॉट काढा, दुकान जुनाट वाटतंय." आम्ही काढला. चौथं व्हर्जन त्याने मंजूर केलं.

नव्या शाखेच्या उद्घाटनाला जाहिरात दाखवली, तेव्हा अप्पांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "मी कुठं आहे रे ह्यात?"

"ह्यांनीच कापलं, अप्पा," थोरल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिथेच मोबाईलवर लिंक उघडली, तर कॉमेंट पुसलेली! अप्पा माझ्याकडे न बघता उठून गेले. तेव्हापासून बाजारात सगळे मलाच दोष देतात.

पण प्रत्येक कॉमेंटचा मेल मला येतो. हाही आला होता, त्याच्या नावासकट. अण्णा, मी तो छापून घेतलाय, आणि अप्पा तुमचं ऐकतात. हा कागद घेऊन अप्पांसमोर बसा आणि त्यांना सांगा, हे कोणी लिहिलं ते.