मालूच्या फिटच्या गोळ्या

कळव्याची मालू कोळीण आमच्या दारी मासळी विकायला यायची. १९८८ साली तिला पाचवा महिना होता आणि फिटच्या गोळ्या चालू होत्या. औषधवाला पट्टी कापून देई. माहितीचा कागद खोक्यात एकच, तो देईना. तिचा नवरा चंदू फोटो स्टुडिओत कामाला होता; त्याने तिथला कॅमेरा दुकानात नेऊन त्या कागदाचा फोटोच काढला. इंग्रजी होतं, म्हणून मालू तो माझ्याकडे घेऊन आली.

मी भिंगातून वाचून सांगितलं, “गर्भारपणी फायदा धोक्यापेक्षा जास्त वाटला तरच द्यावं. अंगावरच्या दुधात थोडं उतरतं, बाळावर लक्ष ठेवावं. अचानक बंद करू नये.”

“मावशी, चांगली का वाईट, तेवढंच सांगा ना!”

“गर्भारणींवर सहसा प्रयोग करत नाहीत गं, म्हणून कुणी छातीठोक लिहीत नाही. गोळीने बाळाला धोका आहे, तसा फिटनेही आहे. तुझ्या बाबतीत मोठा कुठला, ते डॉक्टर ठरवतील. तोवर गोळी सोडू नकोस.”

“एवढं शिकून तुम्हालापण ठाऊक नाय!” ती हसली.

तिने घरी सगळं सांगितलं. सासूने त्यातला ‘धोका’ तेवढा धरला आणि गोळ्या खाडीत टाकल्या. चौथ्या दिवशी मालूला एकामागून एक फिट आल्या. मूल गेलं. मालू वाचली, पण माझ्या दारी पुन्हा आली नाही.