मामांनी सोडलेलं कव्हर

छापखान्यात कुजबूज अशी होती की, कटिंगवाल्या मामांनी जावयाला मुद्दाम जिंकू दिलं. लेकीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून बापाने टीममधली जागा ओवाळून टाकली. हे सांगताना दोघींनी तर पदर डोळ्याला लावला. आमच्याकडे रडायला कारण लागत नाही, श्रोता लागतो.

मामा कागद कापायच्या मशीनवर होते. सासरा म्हणून जावयाने त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली आणि सगळा छापखाना त्यांचा भाचा झाला. कॅरमच्या टीममध्ये ते दहा वर्षं होते. यंदा जागा एकच उरली होती आणि समोर शाई-विभागातला जावई.

जेवणाच्या सुट्टीत शेवटचा बोर्ड लागला. दोघांचे गुण सारखे, जो बोर्ड घेईल तो टीममध्ये. जावयाची एकच काळी उरली होती, तीही भोकाच्या तोंडाशी लोंबकळत. पण राणी बोर्डावर असेपर्यंत शेवटची सोंगटी घेता येत नाही, म्हणून तो अडकला होता.

मामांनी राणी घेतली. आता लगेच आपली एक गोरी घालून तिला कव्हर द्यायचं, नाहीतर राणी परत मधोमध.

मामांच्या दोन गोऱ्या होत्या. एक उजव्या कोपऱ्यात भोकाला टेकलेली. शेंबड्या पोरानेही घातली असती. दुसरी तिच्याच रेषेत, मधे मोकळी. पहिली घाला, कव्हर झालं. मग दुसरी घाला, बोर्ड संपला. किंवा मधलीवर मारून तिने कोपऱ्यातलीला ढकलायचं आणि दोन्ही एकापाठोपाठ आत.

"मामा, सरळ घ्या हो," बाइंडर म्हणाला.

"घेतील सरळच," जावई पावडर झटकत म्हणाला. "या वयात दुसरं काय जमणार? हात कापतो, कागदासारखा."

सगळे हसले. मामाही हसले आणि त्यांनी स्ट्रायकर मधल्या गोरीसमोर सरकवला.

"जावईबापू, बघून ठेवा. घरी जाऊन बायकोला सांगा."

मधली गोरी केसभर तिरकी गेली. कोपऱ्यातली कडेला घासून बाजूला पडली. दोन्ही बाहेर. राणी मधोमध आली. जावयाने ती घेतली, लोंबकळती काळी आत टाकून कव्हर दिलं आणि टाळीसाठी हात पुढे केला. मामांनी तो हातात घेतला नाही.

त्या संध्याकाळी जावयाने बायकोला सांगितलं, "तुझ्या बापाने मला भीक घातली म्हणतात सगळे. मी भिकारी का?" आठवडाभर तो घरी जेवला नाही, आणि तिने महिनाभर माहेरी पाऊल टाकलं नाही.

मामांनी जावयाला काहीच दिलं नव्हतं. त्यांना सगळ्यांसमोर त्याची फजिती करायची होती, आणि नेम चुकला.