बर्फावरचा झगझगाट

कराडला नवा टीव्ही घेतला, तेव्हा गोळीबाराच्या गेममधलं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचं सेटिंग, सांगलीच्या मित्रानं लावून दिलं. "तुला जमायचं न्हाई गड्या, सरक." मी सरकलो, वर चहाही पाजला. मग वर्षभर ऑनलाइन खेळताना तो मला बर्फावरून टिपत राहिला. मला तिथं नुसता पांढरा झगझगाट दिसायचा.

परवा कॅलिब्रेशनचा स्क्रीन स्वतः उघडला. पांढऱ्या चौकोनातलं चिन्ह नुकतंच दिसेनासं होईल तिथं कमाल ब्राइटनेस थांबवा, असं तिथंच लिहिलं होतं. त्यानं पट्टी पार शेवटापर्यंत रेटलेली. पेपर व्हाइट, म्हणजे साध्या पांढऱ्याचा उजेड, तोही चढवलेला. दोन्ही खाली आणले आणि त्याच्याशी खेळायला बसलो.

बर्फावर तो दिसला. लपलेला नव्हता. भर उन्हात, माझ्यासमोर, बिनधास्त उभा होता.