चौकोन एक की दोन

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील, आप्पा, मला लॅपटॉप घ्यायला शिरूरच्या दुकानात घेऊन गेले. रांजणगावच्या कंपनीतला त्यांचा बोनस त्यासाठीच राखून ठेवला होता. निवड चुकली तर दुसरा मिळणार नव्हता.

दुकानदाराने एकाच किमतीचे दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक नावाजलेल्या कंपनीचा, आत सेलेरॉन प्रोसेसर. दुसऱ्या कंपनीचं नाव आम्ही ऐकलंही नव्हतं, पण त्यात ड्युअल कोअर, म्हणजे दोन कामं एकदम करणारा दोन कोअरचा प्रोसेसर होता.

"पहिला घ्या. याचा गिगाहर्ट्‌झचा आकडापण मोठा हाय, म्हंजी वेग जास्त," दुकानदार म्हणाला.

आप्पा माझ्याकडे वळले. "तूच सांग. मला यातलं काय कळत न्हाई."

मी दोन्हींवर प्रोसेसरचा भार दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. पहिल्यात प्रोसेसरच्या आलेखाचा एकच चौकोन दिसला, म्हणजे एकच कोअर; दुसऱ्यात दोन. मग दोन कामं एकदम पडावीत म्हणून दोन्हींवर व्हायरस स्कॅन लावून पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ सुरू केला. पहिल्यावर तो अडखळत चालला, दुसऱ्यावर नीट.

"दुसरा घेऊ," मी म्हणाले.

"बिघडला तर?" आप्पांनी विचारलं.

"याचंबी सर्व्हिस सेंटर पुण्यातच हाय," दुकानदार म्हणाला.

केडगावला परतताना एसटीत मी तो दुसराच लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून बसले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्याच्यावरच झाला. तरी बटण दाबल्यावर स्क्रीन उजळेपर्यंत मी दरवेळी श्वास रोखून धरायचे.